‘बरंय’, ‘ठीक’ आणि ‘चाललंय आपलं’: चॅटवर ‘कशी आहेस?’ला काय लिहायचं

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते. फोन दिवसभर टेबलावर उताणा पडलेला असतो आणि त्यावर सुताचे व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, शाळेतल्या मैत्रिणी, मावशा असे सगळे एकाच रांगेत येतात. मेसेज कामाचा असो नाहीतर घरचा, निम्म्यांची सुरुवात ठरलेली. ‘कशी आहेस?’, ‘कशा आहात मॅडम?’, ‘काय म्हणतेस?’ या एवढ्याशा प्रश्नावर मी दोन्ही बाजूंनी तोंडावर आपटलेली आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिल्यांदा आपटले ती जास्त बोलून. पुण्याला राहणाऱ्या एका मैत्रिणीनं बऱ्याच महिन्यांनी विचारलं, ‘कशी आहेस गं?’ त्या आठवड्यात नळाला पाणी पाचव्या दिवशी आलं होतं, पोराच्या दहावीचं टेन्शन होतं आणि कारखान्यात पगाराला पैसे कमी पडले होते. मी सगळं लिहिलं. वाचायला बोटानं वर सरकवत जावं लागेल एवढं लिहिलं. तिचं उत्तर आलं, ‘अगं बापरे. काळजी घे.’ त्यानंतर दोन महिने काहीच नाही. पुढं कळलं की तिला गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात यायचं होतं आणि एक रात्र माझ्याकडं राहता येईल का, एवढंच विचारायचं होतं. माझं पुराण वाचून बिचारीनं विषयच काढला नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. कुणीही विचारलं की ‘ठीक.’ पूर्णविरामासकट, कारण हिशेबाच्या कामात टिंब द्यायची सवय. महिनाभरात मावसबहिणीनं माझ्या आईला फोन करून विचारलं, ‘ताई माझ्यावर रागावलीय का?’

समोरासमोर हा घोळ होत नाही. नव्या पेठेत गर्दीत कुणी ओळखीचं दिसलं, ‘काय, बरंय का?’ म्हणालं, तर आपण चालता चालताच ‘बरंय की!’ म्हणतो आणि दोघंही थांबत नाहीत. त्या ‘की’मध्ये आणि वर उचललेल्या हनुवटीत सगळं येतं: ओळख आहे, राग नाही, आत्ता घाईत आहे, भेटू. चॅटवर हनुवटी नाही. आवाज नाही. तिथं हे सगळं काम तीन-चार शब्दांनी आणि एका प्रश्नचिन्हानं करायचं असतं, म्हणून तिथं थोडा विचार करावा लागतो.

आधी प्रश्न नीट वाचा

सगळे ‘कशी आहेस?’ सारखे नसतात. उत्तर चुकतं ते बऱ्याचदा इथंच.

नुसतं ‘कशी आहेस?’ म्हणजे दारावरची टकटक. आत कोण आहे, जागं आहे का, एवढंच. ‘काय म्हणतेस?’ किंवा ‘काय चाललंय?’ आलं तर त्याला तुमच्या तब्येतीचं काही नाही, बोलायला विषय हवाय. त्याला ‘बरी आहे’ असं उत्तर गेलं की ते बसत नाही. ‘काय चाललंय’ला काहीतरी चाललेलं सांगावं लागतं, मग ते भरताची वांगी भाजणं का असेना.

‘आहेस कुठं?’ किंवा पोरांच्या भाषेत ‘काय बे, कुठं गायब?’ ही गोड तक्रार आहे. तिला ‘ऑफिसमध्ये’ हे उत्तर नसतं. ‘आहे की बे इथंच, मार्चएंडमध्ये अडकलो होतो’ असं गैरहजेरीचं थोडक्यात कारण गेलं की तक्रार मिटते. ‘जेवलीस का?’ हे तर सगळ्यात सोपं. आमच्या गल्लीत कानडी घरं बरीच, तिथली काकू भेटली की ‘ऊट आय्ता?’ असंच विचारते, आणि कुणी त्याला आज काय भाजी केली होती ते सांगत बसत नाही. ‘हो, तुझं?’ झालं.

सावध व्हायचं ते ‘बरी आहेस ना?’ आल्यावर. सगळी गोम त्या ‘ना’मध्ये आहे. हे विचारणाऱ्यानं बहुतेक काहीतरी ऐकलेलं असतं, नाहीतर तुमचं एखादं स्टेटस बघितलेलं असतं. इथं ‘हो, मस्त!’ असं पाठवलं तर त्याला कळतं की आपल्याला टाळलं. ज्यानं ऐकलंय त्याच्यापासून लपवणं सगळ्यात थंड वाटतं. त्याला एका ओळीत खरं सांगून टाकावं. कसं, ते पुढं उदाहरणात येईलच.

पहिला शब्द

उत्तराचा पहिला शब्द ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. फोन बंद असताना वर जी सूचना झळकते तीत मेसेजची सुरुवातच दिसते. पुष्कळ जण तेवढ्यावरच तुमचा मूड ठरवतात.

मराठीत या शब्दांची एक उतरंड आहे. वर ‘मस्त’, ‘मजेत’, ‘एकदम छान’. त्याखाली ‘बरंय’, ‘बरी आहे’. त्याखाली ‘ठीक’. मग ‘चाललंय’. त्याखाली ‘चाललंय आपलं’. आणि तळाला ‘आहे कशीतरी’. बोलताना ही उतरंड आवाजानं इकडंतिकडं होते; ‘चाललंय!’ हसत म्हटलं तर ते ‘मस्त’च्याही वर जातं. लिहिताना मात्र शब्द जिथल्या तिथं राहतात आणि वाचणारा पायरी बरोबर मोजतो.

गेल जेफरसन या अमेरिकन संशोधिकेनं इंग्रजीतली रोजची संभाषणं अगदी बारकाईनं तपासली होती. १९८० साली तिनं दाखवलं की ‘कसे आहात’ला नेहमीच्या ‘छान’च्या जागी त्याहून किंचित खालचा शब्द आला, तर तो पुढं काहीतरी अडचण निघण्याची चाहूल ठरू शकतो. बोलणारा अडचण सांगतही नाही आणि पुरती झाकतही नाही, दार किलकिलं ठेवतो. हे वाचल्यावर माझ्या ‘ठीक.’चं कोडं सुटलं. मला वाटत होतं मी काहीच सांगत नाहीये. मावसबहिणीला ऐकू येत होतं की काहीतरी बिघडलंय आणि ही सांगत नाहीये.

म्हणजे हिशेब उलटा आहे. ज्याला काही सांगायचं नाही त्यानं ‘ठीक’ लिहू नये. त्याच्यासाठी ‘बरंय’ आहे. सोलापुरात ‘बरंय’ हा सपाट शब्द. त्याच्या मागं कुणी काही शोधत नाही. ‘बरंय की’ केलं तर त्यात थोडी ऊबही येते. ‘ठीक’मध्ये आणखी एक अडचण अशी की ‘ठीक आहे’ म्हणजे ‘चालेल, मान्य’ असाही अर्थ होतो. त्यामुळं नुसतं ‘ठीक’ वाचताना संभाषण संपवल्यासारखं वाटतं, आणि त्यापुढं टिंब आलं की कडी लावल्यासारखं.

‘मस्त’बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. दिवस वाईट असताना ‘मस्त’ लिहिणं खोटेपणा आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाला आपण तेच सांगतो आणि त्यात कुणाचं नुकसान नाही. पण ज्याला आठवड्याभरात खरी गोष्ट कळणार आहे त्याला ‘मस्त’ लिहू नका. सोलापूर मोठं दिसलं तरी बातमी सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत रिक्षाच्या आधी पोचते. ‘बरंय’ लिहिलेलं असलं की नंतर कुणी ‘मला बोलली नाहीस’ म्हणत नाही.

आणि ‘चाललंय आपलं’. हे ‘आपलं’ फार कामाचं आहे. ‘चाललंय’ला ते जोडलं की ऐकणाऱ्याला कळतं की दिवस ओढत नेतेय, पण रडत नाहीये. मी ते मोजक्या माणसांसाठी राखून ठेवते, म्हणजे ज्यांनी ‘का गं, काय झालं?’ विचारलं तर मला आवडेल अशांसाठी. सुताच्या व्यापाऱ्याला मी ‘चाललंय आपलं’ कधीच लिहीत नाही, कारण त्याला ते उधारी वाढवून मागितल्यासारखं वाटेल.

मग एक तपशील

नुसता पहिला शब्द पाठवला तर तो कितीही ऊबदार असला तरी समोरच्याला पुढं धरायला काही मिळत नाही. म्हणून त्याच्या मागं एक तपशील. एकच. पुण्याच्या मैत्रिणीला पाठवलेल्या माझ्या पुराणात तपशीलच तपशील होते आणि तिला कुठल्याला हात घालावा ते कळेना.

हा तपशील निवडताना मी तीन गोष्टी बघते. तो आजचा किंवा कालचा असावा. एका वाक्यात संपावा. आणि त्यात समोरच्यानं काही करावं, धीर द्यावा, सल्ला द्यावा अशी मागणी नसावी. पोराचे मार्क, पगार, सासर, डॉक्टर हे विषय या शेवटच्या गाळणीत अडकतात. ते वाईट विषय आहेत म्हणून नव्हे. त्यांना ‘अच्छा’ एवढं उत्तर देता येत नाही, म्हणून. टकटक करणाऱ्याला एकदम स्वयंपाकघरात नेऊन बसवल्यासारखं होतं.

तपशील आपला असायला हवा हेही आलंच. मे महिन्यात सोलापुरातून ‘खूप ऊन आहे गं’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं, ते पेपरातही असतं. त्याऐवजी ‘गच्चीवर सकाळी टाकलेले पापड जेवायच्या आत वाळले’ लिहिलं की ऊनही आलं, मीही आले, आणि समोरच्याला ‘उडदाचे का गं?’ विचारायला जागा झाली. पाण्याचंही तसंच. ‘पाण्याचा फार त्रास आहे’ ही तक्रार झाली. ‘आज पहाटे चारला पाणी आलं, त्यामुळं आत्ता डोळे मिटतायत’ हे चित्र झालं, आणि मी दुपारी का पेंगतेय तेही त्यातच सांगून झालं.

दुसऱ्याचं आजारपण, दुसऱ्याचं भांडण, दुसऱ्याची नोकरी हे आपले तपशील नव्हेत. जावेच्या बाळंतपणाची बातमी माझ्या ‘कशी आहेस’च्या उत्तरात जाऊ नये, ती तिनं सांगायची. मेसेजचा फोटो काढून पुढं पाठवायला दोन सेकंद लागतात. हे लिहिताना मला एक जुना प्रसंग आठवला, पण तो सांगणं म्हणजे पुन्हा तेच करणं होईल.

लांबीचं म्हणाल तर पहिल्या उत्तरात फोनवरच्या दोन ओळी, फार तर तीन. समोरच्यानं किती लिहिलंय तेही बघावं. त्याच्या दोन शब्दांना माझी एक ओळ चालते. त्यानं पाच ओळी स्वतःबद्दल लिहून शेवटी ‘तू सांग’ म्हटलं असेल, तर तिथं माझं ‘बरंय की’ थंड पडतं, कारण तो उघडलाय आणि मी नाही.

आणि चेंडू परत

शेवटी एक प्रश्न. ‘तू कशी आहेस?’ चालतं, पण ते आरशासारखं आहे. समोरचाही ‘मी पण बरी’ म्हणतो आणि दोघी गप्प. त्याच्याबद्दल आपल्याला आधीच माहीत असलेली एखादी गोष्ट काढली तर ऊब आपोआप येते. ‘नवीन घरात पाणी बरं येतं का?’, ‘कन्या गेली का हॉस्टेलला?’ बस, एवढंच. यासाठी मी उत्तर द्यायच्या आधी जुना चॅट बोटानं थोडा वर सरकवून बघते. गेल्या वेळी ती काय म्हणाली होती ते तिथंच असतं. हे मला कुणी शिकवलं नाही. बिलांची मागची थकबाकी बघायची सवय इकडं उपयोगी पडली.

आपला प्रश्न त्याच्या प्रश्नापेक्षा जड नसावा. ‘कशी आहेस?’ विचारणाऱ्याला उलट ‘लग्नाचं जमलं का?’ किंवा ‘नोकरी लागली का रे?’ विचारणं म्हणजे हलका चेंडू घेऊन दगड परत फेकणं. आपल्याकडं हे प्रेमानंच होतं, मान्य. पण चॅटवर त्याला उत्तर सुचेपर्यंत निळ्या खुणा त्याच्याकडं बघत बसतात.

कधीकधी ‘कशी आहेस?’ ही कामाची प्रस्तावना असते. सहा महिन्यांनी, मंगळवारी सकाळी अकराला, ऐन कामाच्या वेळी आला की समजावं. अशा वेळी प्रश्न परत न करता ‘बोल ना’ म्हणावं. मोठ्यांना ‘बोला ना’. इथं ‘ना’ विसरू नका. नुसतं ‘बोल’ म्हणजे घड्याळाकडं बघत बोलल्यासारखं वाटतं, आणि ‘काय काम होतं?’ म्हणजे तर तोंडावर मारल्यासारखं.

एका संध्याकाळचे तीन मेसेज

हे सगळं एकदम कसं लागतं ते एका संध्याकाळवरून सांगते. जानेवारी, गड्ड्याचे दिवस. सासरे न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. मी हॉस्पिटलच्या बाकावर, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. अर्ध्या तासात तीन मेसेज आले.

पहिला सुताच्या व्यापाऱ्याचा: ‘नमस्कार मॅडम, कशा आहात?’ सहज बोटं चालली ती अशी: ‘नमस्कार शेठ, सासऱ्यांचं उद्या ऑपरेशन आहे, खूप धावपळ चाललीय.’ पाठवायच्या आधी थांबले. याला बिलाचे पैसे विचारायचे आहेत. हे वाचून तो एकतर गप्प बसेल आणि मनात कुढेल, नाहीतर त्याला वाटेल की पैसे टाळायला आजारपण पुढं केलं. दोन्हीत माझं नुकसान. त्याला माझी तब्येत नको आहे, मी कधी भेटेन ते हवंय. म्हणून पाठवलं: ‘नमस्कार शेठ, बरंय. दोन दिवस रजेवर आहे, शुक्रवारी ऑफिसला येते. बोला ना.’ त्याचं उत्तर आलं, ‘काही नाही, ते बिलाचं होतं. शुक्रवारी बोलू.’ यात मी खोटं काही बोलले नाही आणि त्याला हवं ते मिळालं.

दुसरा कॉलेजातल्या मैत्रिणीचा. ‘काय गं, कशी आहेस? गड्डा सुरू झाला ना?’ ही जवळची, पण आता वर्षातून चारदा बोलणं होतं. हिला ‘बरंय’ लिहिलं असतं तर परवा कळल्यावर तिला वाईट वाटलं असतं. सगळं लिहिलं असतं तर ती तिकडं गड्ड्याच्या आठवणीत आणि मी इकडं हाडाच्या डॉक्टरकडं, मध्येच तिला एकदम खाली उतरवल्यासारखं झालं असतं. मी लिहिलं: ‘चाललंय आपलं. घरात थोडी आजारपणाची धावपळ आहे, त्यामुळं यंदा गड्ड्यावर अजून पाय ठेवला नाही. तू येतेयस का?’

यात ‘चाललंय आपलं’ मुद्दाम आहे. ‘थोडी आजारपणाची धावपळ’ ही गोष्ट नाव न घेता ठेवलेली आहे. आणि शेवटी तिच्याच विषयातला सोपा प्रश्न आहे. तिला दोन रस्ते मोकळे: गड्ड्याबद्दल बोलायचं तर बोल, आजारपणाचं विचारायचं तर विचार. तिनं मिनिटाभरात विचारलं, ‘कोण आजारी गं?’ विचारलं म्हणजे आता सांगायला हरकत नाही. तरीही दोनच ओळी: ‘सासरे पडले, खुबा मोडलाय. उद्या सकाळी ऑपरेशन. उद्या संध्याकाळी सांगते कसं झालं ते.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण त्यानं तिची काळजी टांगून राहिली नाही आणि मलाही रात्रभर फोनला उत्तरं देत बसावं लागलं नाही.

तिसरा मावशीचा, फक्त तीन शब्द: ‘बरी आहेस ना?’ तोच तो ‘ना’. तिला आईकडून कळलेलं असणार. इथं तपशील, चित्र, काही नको. लिहिलं: ‘मी बरी आहे मावशी. अण्णा पडले ते कळलं असेलच तुला. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, झालं की फोन करते.’ शेवटी ‘तुझा गुडघा कसा आहे?’ असं लिहून मग खोडलं. अशा वेळी प्रश्न परत टाकला की तो पाठ केल्यासारखा वाटतो. ‘झालं की फोन करते’ यातच तिला जे हवं होतं ते आलं.

त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवरही कुणीतरी ‘कसे आहात सगळे?’ टाकलं होतं. त्याला मी काहीच लिहिलं नाही. ग्रुपवर असला प्रश्न कुणा एकाला नसतो, आणि तिथं एकदा आजारपण गेलं की चाळीस हात जोडलेली चित्रं आणि तीन घरगुती उपाय येतात.

बिघडलं तर कळतं कसं

उत्तर गेल्यावर समोरचा काय लिहितो त्यात सगळं दिसतं. ‘काय झालं?’, ‘कधीपासून?’, ‘मग आता?’ असे प्रश्न म्हणजे आत या. ‘काळजी घे’ म्हणजे निरोप. ते प्रेमानं म्हटलेलं असतं, तरी निरोपच असतो. त्यावर आणखी चार ओळी पाठवू नयेत, ‘हो गं, बोलू निवांत’ म्हणून सोडावं. पुण्याच्या मैत्रिणीचं ‘काळजी घे’ आल्यावर मी आणखी दोन मेसेज टाकले होते, हे मघाशी सांगायचं राहिलं.

जास्त लिहून गेलं असं लक्षात आलं तर? मेसेज डिलीट करू नका. तिथं डिलीट केल्याची ओळ उरते आणि समोरचा रात्रभर विचार करतो की त्यात काय होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण बदलल्याची खूण तिथंही दिसते. शुद्धलेखनाला ते बरं आहे, मन बदलायला नाही. त्यापेक्षा खाली एक हलकी ओळ टाकावी: ‘बघ, विचारलंस आणि मी पुराण लावलं. तुझं सांग.’ ही ओळ वाचून समोरचा हसतो आणि त्याच्यावरचं ओझं उतरतं.

उलट बाजूला, थंड गेल्याची खूण म्हणजे समोरचा लहान होत जातो. आधी ‘कशी आहेस गं?’ लिहिणारी पुढच्या वेळी ‘कामाचं होतं, वेळ आहे का?’ अशी सुरुवात करते. ते दिसलं की पुढचा मेसेज आपण आपणहून टाकावा, कामाशिवाय, तपशीलासकट. मावसबहिणीला मी हुरड्याच्या ताटाचा फोटो पाठवला होता, सोबत ‘शेंगा चटणी तुझ्या हातची नाही.’ दुसऱ्या दिवशी तिचा आईला नव्हे, मला फोन आला.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण टाइप करत असतो तेव्हा समोरच्याला ते दिसतं. दोन मिनिटं ‘टायपिंग’ दिसत राहिलं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि शेवटी आलं काय, तर ‘बरंय’. त्या बिचाऱ्याला कळतं की बरंच लिहून खोडलंय. ज्या दिवशी काय लिहावं सुचत नाही त्या दिवशी मी चॅट उघडतच नाही. आधी मनात वाक्य करते, मग उघडते आणि एका दमात लिहून पाठवते. संध्याकाळपर्यंत उत्तर गेलं तरी चालतं. उशिराबद्दल माफीचा परिच्छेद नको, ‘आत्ता बघितलं गं’ एवढं पुरतं. दोन-तीन दिवस उलटले असतील तर तेही नको, सरळ उत्तरानं सुरुवात करावी.

राहता राहिला तो माणूस जो दुसऱ्यांदा विचारतो. तुम्ही ‘बरंय’ लिहिलंत, पापडांचं सांगितलंत, त्याला प्रश्नही परत केलात, आणि तरी तो लिहितो, ‘ते राहू दे. खरं सांग, कशी आहेस?’ इथं वरचं काही लागू नाही. मी अशा वेळी लिहीतच नाही. ‘नऊनंतर फोन करू का?’ एवढं विचारते, आणि नऊनंतर फोन करते.